कपाटातून पिशवीत: बदलापूरच्या एका सोसायटीतल्या वाचनालयाचं प्रकरण

बदलापूर पूर्वेला स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेली ही सोसायटी. दोन विंग, सात मजले, ११२ फ्लॅट. कर्ते लोक सकाळी सहा-साडेसहाच्या लोकलला निघतात आणि रात्री साडेआठ-नऊला परततात. सीएसएमटीपर्यंतचा प्रवास दीड तासाच्या आसपासचा, तोही बहुतेकांचा उभ्याने. दिवसा इमारतीत असतात ते आजी-आजोबा, गृहिणी, घरून काम करणारे मोजके तरुण आणि दुपारनंतर शाळेतून परतलेली मुलं. इथे वाचनालय चालत नाही म्हणून सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी ग्रंथालयाच्या कामात असतो आणि सोसायट्यांची अशी बंद पडलेली वाचनालयं मला नवी नाहीत. पण हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं आहे, कारण इथे उपाय सापडला तो अर्धवटच, आणि तो नेमका कुठवर लागू पडतो हेही स्वच्छ दिसलं.

आधी काय होतं ते सांगतो. सोसायटीच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट. तीन वर्षांपूर्वी ‘घरातली जुनी पुस्तकं द्या, सगळे मिळून वाचू’ असं आवाहन झालं आणि चारशेच्या आसपास पुस्तकं जमली. मी कपाट उघडलं तेव्हा पहिल्या दोन खणांत बारावीची गाईडं, इंजिनिअरिंगची जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांचे कालबाह्य संच होते. खाली पाठ फाटलेल्या कादंबऱ्या, एकाच धार्मिक पुस्तिकेच्या अनेक प्रती, बँकेने फुकट दिलेल्या डायऱ्या. आवाहनाला लोकांनी भरघोस प्रतिसाद दिला होता, फक्त तो दिवाळीच्या साफसफाईचा होता. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे, वेळ संध्याकाळी सहा ते आठ, म्हणजे ज्यांच्यासाठी सोय केली ते तेव्हा ठाणे-कल्याणच्या मध्ये कुठेतरी लटकलेले.

तरी नोंदवही पाहिली तर चित्र वाईट दिसत नव्हतं. महिन्याला वीसेक पुस्तकं जात होती. सेक्रेटरी म्हणाले, “बघा, अगदीच काही मेलेलं नाही.” मी त्यांना देवघेवीचा आकडा सोडून नावं मोजायला लावली. पूर्ण वर्षात वेगळी नावं निघाली चार. चौघेही आधीपासून वाचणारे, त्यातल्या दोघांची गावातल्या वाचनालयातही खाती. उरलेल्या १०८ घरांसाठी ते कपाट म्हणजे ऑफिसातलं आणखी एक फर्निचर होतं. सोसायटीचं वाचनालय चालतंय की नाही हे ओळखायला एवढी एक मोजणी पुरते. किती पुस्तकं गेली हे बघून काही कळत नाही. गेल्या तीन महिन्यांत पहिल्यांदा पुस्तक नेलेलं एखादं तरी घर आहे का, ते बघायचं.

मग आम्ही घरोघर गेलो. ‘तुम्ही वाचता का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्यावर सगळे ‘हो, पण वेळ मिळत नाही’ म्हणतात. आम्ही विचारलं, “गेल्या महिन्यात तुमच्या घरात छापलेलं काय काय वाचलं गेलं?” यादी मजेशीर निघाली. पेपरातली रविवारची पुरवणी, औषधाच्या बाटलीवरची सूचना, पाककृतींची कात्रणं, मुलांची पाठ्यपुस्तकं, पंचांग. आणि बी विंगमध्ये भजनी मंडळाच्या नऊ-दहा जणी अशा निघाल्या, ज्यांनी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचं सप्ताह पारायण केलं होतं. बावन्न अध्याय, ओवीबद्ध, जुनी मराठी, सात दिवसांत. आणि याच बायका ‘आम्हाला वाचायची सवय नाही हो’ असं म्हणत होत्या.

इथे मला या प्रकरणाचा धागा मिळाला. पारायणात श्रद्धा असते, ती गोष्टीच्या पुस्तकाला लावता येत नाही, हे उघड आहे. पण पारायणाची बाकीची व्यवस्था बघा. सुरुवातीची तारीख ठरलेली, रोजचा वाटा ठरलेला, शेवट कधी ते माहीत, आणि शेजारच्या घरातही तेच चाललंय याची जाणीव. काय वाचू, कुठून आणू, कधी संपवू हे तिन्ही प्रश्न वाचणाऱ्यावर पडतच नाहीत. आपलं कपाट मात्र हे तिन्ही प्रश्न विचारूनच उघडत होतं. ज्याला वाचनाची गोडी आहे त्याला चारशे पुस्तकांतून निवडण्यात मजा वाटते. ज्याला नाही, त्याला तिथे उभं राहायचीच लाज वाटते.

म्हणून ठरवलं की कपाटाला काही काळ हात लावायचा नाही आणि वाचायचा मजकूर दारात न्यायचा. ही काही नवी कल्पना नव्हे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना याच तत्त्वावर चालते. पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. पण पेटीतून निवड करायला किमान थोडा तरी वाचक असावा लागतो. आमच्याकडे त्याच्याही आधीची पायरी हवी होती. ती दिवाळी अंकांनी दिली.

१९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून हा प्रकार मराठी घराला ओळखीचा आहे. न वाचणाऱ्या घरातही दिवाळी अंक म्हटलं की कोणी दचकत नाही. त्यात कथा आहे, विनोद आहे, व्यंगचित्रं आहेत, एखादी मुलाखत, कोडं, भविष्य. कुठूनही उघडा, दहा पानं वाचून मिटा, अपराधी वाटत नाही. शिवाय तो शिळा होतो, म्हणून तो आत्ताच वाचायला हवा असं आपोआप वाटतं. अनेक वाचनालयं ठरावीक वर्गणीत हंगामभर दिवाळी अंक वाचायला देतात, त्यामुळे फिरत्या अंकांची पद्धतही लोकांना माहीत असते.

हिशेब असा बसवला. प्रत्येक विंगमधून बारा घरं, एकूण २४. प्रत्येकी ३०० रुपये, म्हणजे ७,२०० जमा. अंकांच्या किमती आता अडीचशे-तीनशेच्या पुढे गेल्या आहेत, पण संच घेतला की विक्रेते सवलत देतात. आम्हाला २४ अंक सरासरी २७० रुपयांना, म्हणजे ६,४८० रुपयांत पडले. साध्या कापडी पिशव्या पंचवीस रुपयांच्या, २४ पिशव्यांचे ६००. उरलेल्या १२० रुपयांत प्लॅस्टिकची आवरणं आणि पेन्सिली.

अंक निवडताना वाद झाला. निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक काका आमच्या चार जुन्या वाचकांपैकी. त्यांची यादी अस्सल होती, सगळे वैचारिक आणि वाङ्मयीन अंक. “राशिभविष्याचा अंक घ्यायचा असेल तर मला यात धरू नका,” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शेवटी तडजोड झाली. कथा-कादंबरीप्रधान आठ, विनोदी चार, रहस्य-भयकथांचे तीन, स्त्रियांसाठीचे नि पाककृतींचे तीन, मुलांचे तीन, आरोग्य आणि गुंतवणुकीचे दोन, भविष्याचा एक. मुलांच्या अंकांत बालभारतीचा ‘किशोर’ घेतला. १९७१ पासून निघणारं हे मासिक आहे, किंमत अगदी आवाक्यातली. काकांनी भविष्याच्या अंकाकडे शेवटपर्यंत पाहिलं नाही, पण वर्गणी भरली.

एका पिशवीत एकच अंक. लोकांना वाटलं की तीनशे रुपये घेऊन एकाच अंकावर बोळवण करताय. पण न वाचणाऱ्या घरात तीन अंक एकदम दिले की ते टीपॉयवर ठेवले जातात आणि तिथेच राहतात. एक अंक, एक आठवडा. दर रविवारी सकाळी पिशवी पुढच्या घरी. हा नियम अंक वाचून झाला नसला तरी लागू. ‘वाचून झालं की द्या’ म्हटलं असतं तर पहिल्याच महिन्यात साखळी तुटली असती.

प्रत्येक विंगच्या फेरीत बारा घरं आणि तेरावा थांबा सोसायटी ऑफिसच्या टेबलावर. हा तेरावा थांबा महत्त्वाचा. पिशव्या बाराच असल्याने दर आठवड्याला एक जागा रिकामी राहते, म्हणजे प्रत्येक घराला एक आठवडा सुट्टी मिळते. कोणी गावी गेलं की त्याची पिशवी ऑफिसात येऊन थांबते, मागच्याची अडत नाही. टेबलावर आलेल्या अंकाची पानं निखळली असतील तर तिथेच चिकटवली जातात. आणि ज्याचं वाचायचं राहिलं त्याला तो टेबलावरून पुन्हा घेता येतो. तेरा आठवड्यांत फेरी पूर्ण, मग दोन्ही विंगच्या पिशव्यांची अदलाबदल.

पिशव्या फिरवायचं काम नववीतल्या एका मुलाने आणि त्याच्या धाकट्या बहिणीने अंगावर घेतलं. लिफ्टने सातव्या मजल्यावर जायचं आणि जिन्याने उतरत यायचं. पिशवीच्या बंदाला बांधलेल्या पुठ्ठ्यावर फ्लॅट नंबर लिहिलेले, पिशवी पोचली की समोर खूण. चौथ्या रविवारी बी विंगमध्ये एकाच दारात दोन पिशव्या दिसल्या. फिरत्या योजनेत बिघाड कळतो तो असा. एका दारात दोन पिशव्या म्हणजे पुढचं घर रिकामं. त्या घरी सासूबाई आजारी होत्या, पिशवी बाहेर ठेवायचं राहून गेलं होतं. त्या दिवसापासून मुलं पिशवी मागायला बेल वाजवू लागली, दाराबाहेर ठेवलेल्या पिशवीची वाट बघणं बंद झालं. याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. बेल वाजते, दार उघडतं, आणि मुलगी विचारते, “काकू, यातलं काय आवडलं?” हा प्रश्न दारात उभ्या असलेल्या सहावीतल्या मुलीने विचारला की उत्तर देताना कोणी अवघडत नाही.

आता अंक वाचला जातोय की नुसता फिरतोय हे कसं कळणार? त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडली पेन्सिल. प्रत्येक पिशवीत एक पेन्सिल ठेवली आणि अनुक्रमणिकेवर चिठ्ठी लावली: ‘जे वाचलं त्यावर बरोबरची खूण, जे दुसऱ्याने वाचावंसं वाटतं त्यावर दोन.’ नाव लिहायचं नाही. पाच-सहा आठवड्यांनी अनुक्रमणिकेची पानं बोलायला लागली. एका विनोदी अंकात पहिल्या दोन मजकुरांवर सात-सात खुणा, पुढे शुकशुकाट. एका जाडजूड वाङ्मयीन अंकात संपादकीयावर एक खूण (ती कोणाची ते सगळ्यांना माहीत), एका परिसंवादावर शून्य, पण शेवटी लपलेल्या एका आठ पानी कथेवर पाच खुणा आणि त्यातल्या तीन दुहेरी. म्हणजे लोकांना ‘हलकंफुलकंच’ हवं असतं ही आमची समजूत अर्धीच खरी होती. त्यांना आखूड हवं होतं. आशय जड असला तरी चालत होता, पानं वीसच्या पुढे गेली की हात मागे येत होता. भविष्याच्या अंकावर खुणा सगळ्यात जास्त पडल्या, दुहेरी मात्र एकही नाही.

याच खुणांवरून वाचनगटाची सुरुवात झाली. वाचनगट म्हणजे सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि चर्चा करायची, हा नेहमीचा साचा. तो वाचणाऱ्यांसाठी ठीक आहे. कमी वाचणाऱ्यांच्या सोसायटीत पहिल्या बैठकीला दहा जण येतात, त्यातल्या सहांनी पुस्तक अर्धवट वाचलेलं असतं, ते गप्प बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. तिसऱ्या बैठकीला ओळखीचे चार वाचक उरतात, म्हणजे पुन्हा नोंदवहीतलीच चार नावं.

आम्ही गृहपाठच काढून टाकला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला क्लब हाउसमध्ये अभिवाचन. ज्या कथेवर दुहेरी खुणा जास्त तीच घ्यायची. मोठ्याने वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे अडीच हजार शब्दांची कथा पंचवीस मिनिटांत संपते. त्यापेक्षा लांब कथेला लोक चुळबुळ करू लागतात. दोघांनी आळीपाळीने वाचायचं. पहिल्या वेळी वाचायला भजनी मंडळातल्या एक काकू उभ्या राहिल्या आणि कथा पोथीच्या चालीत वाचू लागल्या. लोक गालातल्या गालात हसले. दोन परिच्छेदांनी काकूंच्याच लक्षात आलं, चष्मा पुसला, म्हणाल्या, “थांबा, ही बाई चिडलीय ना इथे?” आणि पुढची पानं त्यांनी अशी वाचली की सासूचा संवाद आला तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी मोठ्याने ‘अगदी!’ म्हणालं.

वाचन संपल्यावर गोल बसून ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं एकेकाला विचारायचं नाही, हा कडक नियम. चहा असतो. ज्याला बोलायचं तो चहा पिताना बोलतो. आणखी एक युक्ती लांब कथांसाठी केली. तीन-चतुर्थांश कथा वाचायची आणि थांबायचं, शेवट अंकात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्या पिशवीसाठी ऑफिसात रांग लागली. दर वेळी केलं असतं तर लोक वैतागले असते, म्हणून ती क्वचितच वापरली.

याच सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी पुस्तकांच्या पीडीएफ टाकायला सुरुवात केली. हेतू चांगला, पण पुस्तकं हयात लेखकांची. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो, तेव्हा अशा फायली फिरवणं बेकायदा आहे. सेक्रेटरींनी समज देऊन त्या काढायला लावल्या. ‘किशोर’चे जुने अंक मात्र बालभारतीने स्वतःच ऑनलाइन मोफत ठेवले आहेत, त्याची लिंक टाकली. ती किती जणांनी उघडली हे विचारू नका.

फेब्रुवारीच्या मध्यावर पहिली फेरी संपली. दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून दुसरी फेरी ऐच्छिक ठेवली. चोवीसपैकी पंधरा घरं राहिली. गळालेल्या नऊ घरांत शाळकरी मुलांची कुटुंबं जास्त होती. एका घराने खरं काय ते सांगितलं: “पिशवी यायची आणि जायची, आम्ही उघडायचोच नाही. पण मुलं बेल वाजवायची म्हणून नाही कसं म्हणायचं?” अशा घराला ओढून ठेवण्यात काही हाशील नव्हतं. त्यांच्या जागी बाहेरची चार घरं आली, अभिवाचनाला येऊन बसणारी. म्हणून तेरा थांब्यांची आखणी मोडली आणि एकोणीस घरांची एकच फेरी केली.

आता वळलो कपाटाकडे. चारशेतून पिशवीत घालण्याजोगी ३४ पुस्तकं निघाली. निकष साधे: पाठ शाबूत, अक्षर बऱ्यापैकी मोठं, दीडशे पानांच्या आत किंवा सुट्या सुट्या लेख-कथांचं. बाकीचं रद्दीत काढायचं म्हटल्यावर मात्र भावना दुखावतात, हे प्रत्येक सोसायटीत घडतं. म्हणून आधी नोटीस लावली की पंधरा दिवसांत आपापली पुस्तकं परत न्यावीत, उरतील ती रद्दीत जातील. परत न्यायला आले तीन जण. यापुढे दान घेताना एका वेळी दोनच पुस्तकं, स्वतः वाचलेली, आणि कोणाला का आवडेल याची एक ओळ लिहून. या एका ओळीमुळे गाईडं यायची बंद झाली.

नवी पुस्तकं विकत घेण्याऐवजी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सोसायटीतल्या तिघांच्या नावाने खाती काढली. त्यांची वर्गणी एकोणीस घरांत वाटली तर महिन्याला चहाच्या एका कपाइतकी पडते, आणि पुस्तकं बदलत राहतात. ती आणायचं काम मुख्याध्यापक काकांनी घेतलं. नाहीतरी ते दर शनिवारी जातच होते. आता ते दुहेरी खुणांची यादी खिशात घेऊन जातात आणि रहस्यकथा मागतात तेव्हा तिथल्या ग्रंथपालबाई गमतीने त्यांच्याकडे बघतात.

मुलांच्या बाबतीत मात्र हे गणित सुटलं नाही. सोसायटीतली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलतात फर्डं, पण छापील परिच्छेद अडखळत वाचतात, त्यामुळे वयाला साजेशी गोष्ट त्यांना वाचायला जड आणि वाचायला सोपी गोष्ट त्यांना बाळबोध वाटते. आजीने वाचून दाखवलेलं ती ऐकतात. म्हणून मुलांच्या पिशवीत मराठी चित्रकथा आणि एक इंग्रजी पुस्तक अशी जोडी ठेवली, तर इंग्रजी वाचून होतं आणि मराठीचं आवरण कोरं राहतं. तिशी-चाळिशीतले लोकलवाले पुरुषही हाती लागले नाहीत. दिवाळी अंक आकाराने मोठा, गर्दीच्या डब्यात उघडता येत नाही. त्यांच्यासाठी खिशात मावतील अशी पातळ पुस्तकं ठेवून बघितली. दोघे नेतात. बाकीच्यांना दीड तासात झोप हवी असते आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही.

जुलैत तळमजल्यावरच्या ऑफिसात ओल आली आणि कपाटातल्या खालच्या खणाला कसर लागली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, खालचा खण रिकामाच ठेवला, डांबरगोळ्या टाकल्या. फिरत्या पिशव्यांतल्या पुस्तकांना काही झालं नाही, ती कधी एका जागी राहिलीच नव्हती.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत खजिनदारांनी सुचवलं की एवढं चाललंय तर देखभाल खर्चाच्या बिलात दर फ्लॅटमागे दहा रुपये वाचनालयाचे लावू. ११२ फ्लॅटचे महिन्याला १,१२० रुपये जमले असते, वर्षाला तेरा हजारांच्या वर. मोह होण्यासारखी रक्कम आहे. पण वाचत नाहीत त्या नव्वदेक घरांनी दर महिन्याला बिलावर तो आकडा पाहिला असता आणि लिफ्टच्या दुरुस्तीच्या भांडणात वाचनालय पहिलं निघालं असतं. वर्गणी सभासदांचीच राहिली. क्लब हाउस महिन्यातून एक संध्याकाळ फुकट देण्याचा ठराव तेवढा करून घेतला. या वर्षीच्या संचाची मागणी नवरात्राच्या आधी नोंदवायची आहे, आणि भविष्याचा अंक यादीत आहे.